कव्हर पेजवरच्या ‘फेज 4’ने माझे चार महिने खाल्ले

मी बडोद्यात एमडी फार्माकॉलॉजी करतेय. थीसिसचा विषय ठरला, गाइड मिळाले, सॅम्पल साइज निघाली, हे सगळं पटापट झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही. अडकलं ते एथिक्स कमिटीत, म्हणजे पेशंटवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीत. आणि तेही कव्हर पेजवरच्या एका शब्दावरून, जो मी अजिबात विचार न करता टाइप केला होता.

विषय असा की मधुमेह नसलेल्या, वजन जास्त असलेल्या आणि गुडघे झिजलेल्या पेशंटना मेटफॉर्मिन देऊन दुखणं कमी होतं का ते बघायचं. 60 पेशंट, अर्ध्यांना मेटफॉर्मिन, अर्ध्यांना प्लासिबो म्हणजे औषधाशिवायची गोळी, 12 आठवडे, व्यायाम आणि नेहमीचे उपचार दोघांनाही सारखेच. आता मेटफॉर्मिन म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या डब्यातली गोळी, कितीतरी वर्षं बाजारात आहे, म्हणून चाचणीचा टप्पा, म्हणजे फेज, मी लिहिला ‘फेज 4 स्टडी’. एमबीबीएसपासून हेच डोक्यात बसलेलं, की औषध बाजारात आलं की पुढचं सगळं फेज 4.

कमिटीचं पत्र आलं, त्यात एकच ओळ, ‘स्टडीचा फेज व नियामक दर्जा स्पष्ट करावा’. बस्स. काय चुकलं ते कुठेच नाही. मला वाटलं कंट्रोल ग्रुप आहे, रँडमायझेशन आहे, म्हणजे फेज 3 म्हणायला हवं होतं, घाईघाईत तसं बदलून दिलं तर पुढच्या मीटिंगची यादी दोन दिवस आधीच बंद झालेली. सहा आठवडे वाट बघितली. आणि उत्तर परत तेच, शब्दसुद्धा तेच. मला आजही याचा राग येतो. दोन वाक्यं जास्त लिहिली असती तर माझा एक फेरा वाचला असता, आणि माझ्या मागे सर्जरीचा एक ज्युनिअर अशाच एका ओळीवर अडकून बसला होता.

शेवटी माझे गाइड सर मला कमिटीतल्या एका ज्येष्ठ मॅडमकडे घेऊन गेले. त्या म्हणाल्या, “अगं, फेज औषधाच्या वयावरून ठरत नाही, दाव्यावरून ठरतो.”

हे एवढं वाक्य मला कुणी आधी सांगितलं असतं तर! फेज 1 मध्ये थोड्या लोकांवर, बहुतेक वेळा निरोगी लोकांवर, औषध सोसतं का आणि शरीरात त्याचं काय होतं ते बघतात. फेज 2 मध्ये तो आजार असलेल्या थोड्या पेशंटवर उपयोग होतो का आणि डोस किती, आणि फेज 3 मध्ये मोठ्या संख्येवर ते पक्कं करून मंजुरी मागतात. फेज 4 मंजुरीनंतरचा, पण त्याच्या व्याख्येत आणखी एक अट आहे जी आपण सगळे गाळतो, अभ्यास मंजूर झालेल्या वापराबद्दलच असला पाहिजे. मेटफॉर्मिनची मंजुरी मधुमेहासाठी आहे, गुडघ्यासाठी नाही. मंजूर औषध नव्या आजारासाठी बाजारात आणायचं म्हटलं की आपल्या 2019 च्या न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्सप्रमाणे त्या दाव्यापुरतं ते ‘नवं औषध’च धरतात. परीक्षेत हा प्रश्न फिरवून विचारतात, ‘जुनं औषध, नवा आजार, कोणता फेज?’, आणि डोळे झाकून 4 लिहिलं की गेलं.

मग माझं काय होतं? अकॅडमिक क्लिनिकल ट्रायल. मंजूर औषध, नवा वापर किंवा नवा डोस, आणि निकाल फक्त संशोधनापुरता, विक्रीच्या परवानगीसाठी नाही. अशाला केंद्राच्या औषध नियंत्रकांची परवानगी लागत नाही, एथिक्स कमिटीची मंजुरी पुरते. पण कमिटीला शंका आली की हे विक्रीच्या मंजुरीकडे सरकतंय तर ती केंद्राला कळवते, आणि तिथून 30 कामाच्या दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगीची गरज नाही असं समजतात.

मी मॅडमना जरा चिडूनच विचारलं, नाव बदलून पेशंटला काय फरक पडतो? त्यांनी बडोदा जिल्ह्याचंच उदाहरण दिलं. 2009-10 मध्ये इथे आणि तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये लहान मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला, त्याला ‘प्रात्यक्षिक प्रकल्प’ म्हटलं होतं. खम्ममला तर कितीतरी मुलींच्या संमतीपत्रावर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या. 2010 मध्ये तो थांबवला गेला, आणि 2013 मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक अहवाल दिला. नाव सौम्य ठेवलं की त्यामागचे नियमही सैल पडतात, असं त्यांचं म्हणणं.

मग त्यांनी माझ्या प्रोटोकॉलवर बोट ठेवलं. फेज 4 म्हटलं की गृहीत धरलं जातं की या पेशंटसाठी फायदा-धोक्याचा हिशेब आधी झालेला आहे. मधुमेह नसलेल्या गुडघेदुखीच्या बाईंसाठी तो कुणी केलाय? मेटफॉर्मिन शरीरात मोडत नाही, जसंच्या तसं किडनीतून बाहेर पडतं. आणि गुडघेदुखीचे पेशंट काय खातात? डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक, मेडिकलमधून, रोज, कुणाला न विचारता. त्याने किडनीचं काम मंदावतं, मेटफॉर्मिन साचतं, आणि क्वचित पण जिवावर बेतणारा लॅक्टिक अॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साचणं, होऊ शकतो. मी किडनीची रक्ततपासणी, क्रिएटिनिन, फक्त सुरुवातीला ठेवली होती, आणि वेदनाशामकांची नोंद तर फॉर्ममध्ये नव्हतीच! मग किडनी किती गाळते ते सांगणारा आकडा, ईजीएफआर, 45 च्या खाली असेल तर पेशंटला अभ्यासात घ्यायचं नाही, चौथ्या आणि बाराव्या आठवड्याला परत तपासणी, आणि प्रत्येक भेटीत ‘दुखण्याची कोणती गोळी, किती’ हे विचारायचं, असं सगळं घातलं. ‘बेनेफिसन्स’, म्हणजे पेशंटचं भलं बघणं, हा शब्द मी पाच मार्कांसाठी पाठ केलेला, तो असा क्रिएटिनिनच्या तारखांमध्ये असतो हे तेव्हा कळलं.

संमतीपत्राचं सांगायचं राहिलं, ते खरं तर आधीच करून ठेवा. घरी आपलं मराठी, ओपीडीत गुजराती, म्हणून मी गुजराती भाषांतर करून घेतलं आणि शेजारच्या गुजराती काकींना वाचायला दिलं. वाचून त्या म्हणाल्या, “गुडघ्याचं नवं औषध आहे ना, मलाही दे.” म्हणजे उपचार मिळणार असंच त्या समजल्या, प्रयोग आहे हे पोचलंच नाही. मग पहिल्याच ओळीत लिहिलं की ही गोळी गुडघेदुखीसाठी मंजूर नाही, उपयोग होतो का ते आम्हाला माहीत नाही म्हणूनच हा अभ्यास आहे. प्लासिबोला ‘खोटी गोळी’ होतं, त्याने फसवणूक वाटते, म्हणून ‘औषध नसलेली गोळी’ केलं. कोणती मिळेल ते चिठ्ठी काढल्यासारखं ठरेल, आणि मध्येच सोडलंत तरी तुमचे नेहमीचे उपचार चालूच राहतील, हेही घातलं. दुसऱ्या एका बाईंकडून ते परत इंग्रजीत करून घेतलं आणि मूळ मजकुराशी ताडून पाहिलं.

तिसऱ्यांदा मंजूर झालं, एकही शंका न काढता. मला खरंच अभिमान वाटला. आणि हो, मंजुरीचं पत्र हातात पडताच सीटीआरआय या देशातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत नोंदणी करा, पहिला पेशंट घेण्याच्या आधी, 1 एप्रिल 2018 पासून मागाहून नोंदणी घेतच नाहीत.

पहिल्या दिवशी पन्नाशीच्या एक बाई आल्या, चिकाटीने सगळं संमतीपत्र ऐकलं, सही केली, मग रक्त घेतलं. ईजीएफआर 41. रोज दोन डायक्लोफेनॅक, वर्षभर. त्यांना अभ्यासात घेतलं नाही, ती गोळी बंद करायला सांगून चिठ्ठी दिली आणि मेडिसिनच्या ओपीडीपर्यंत सोबत गेले. माझ्या जुन्या प्रोटोकॉलमध्ये ही मर्यादाही नव्हती आणि गोळीचा प्रश्नही नव्हता, त्या पेशंट नंबर एक झाल्या असत्या.