टेलरचा बायोडाटा लाइन सुपरवायझरसाठी लिहिताना: माझा अनुभव

नागपूरच्या महाल भागातल्या वर्कशॉपमध्ये बारा मशीनवर शाळेचे गणवेश शिवून घ्यायचं काम मी सांभाळत होतो. बुटीबोरीच्या गारमेंट युनिटमध्ये सुपरवायझरच्या जागेसाठी दिलेला माझा पहिला बायोडाटा असा होता: 'लेडीज-जेंट्स शिलाईचा दांडगा अनुभव, सर्व मशीन येतात, सिझनमध्ये हजारो शर्ट तयार केले.' प्रॉडक्शन मॅनेजरने तो वाचून एकच प्रश्न विचारला, "भाऊ, हजारो शर्ट किती माणसांनी, किती दिवसांत?" कागदावर त्याचं उत्तर नव्हतं. मग मी तोच कागद नव्याने लिहायला घेतला.

टेलर अख्खा पीस शिवतो आणि त्याची ओळख फिटिंगवर असते. लाइनवर शर्टाचे वीसेक तुकडे-कामं होतात आणि सुपरवायझरचं काम म्हणजे ती कामं एकमेकांमागे न तुंबता चालवणं. म्हणून सगळ्यात वर 'मास्तर टेलर' काढून 'शिलाई लाइन सुपरवायझर, शालेय शर्ट व हाफ पॅन्ट' असं लिहिलं. फिटिंग, डिझायनर ब्लाउज, अल्टरेशन हे सगळं एका ओळीत गेलं.

मशीनची यादी लिहिताना 'सर्व मशीन येतात' ह्या वाक्याला काही अर्थ नसतो. मी प्रत्येक मशीनपुढे तीन गोष्टी वेगळ्या केल्या: चालवता येते, सेटिंग करता येते, दुसऱ्याला शिकवता येते. सिंगल नीडलवर तिन्ही. ओव्हरलॉकवर चालवणं, दोरा ओवणं आणि टेन्शन लावणं, पण लूपरचं टायमिंग मेकॅनिककडे. काज आणि बटन मशीन चालवता येते, सेटिंग नाही. फीड ऑफ द आर्मवर मी हात बसवलेला नव्हता, तर ती यादीत घातलीच नाही. न येणारं मशीन लिहिलं तर ते फ्लोअरवर पाच मिनिटांत उघडं पडतं, कारण मुलाखत बहुतेक वेळा मशीनजवळच संपते.

मला तिथे एक शर्ट हातात दिला होता. बाहीच्या जोडावर चुण्या होत्या. 'शिलाई खराब आहे' एवढं म्हणून भागत नाही, कुठून सुरुवात करणार ते सांगावं लागतं. मी आधी वरचा आणि बॉबीनचा दोरा किती ताणलाय ते बघितलं, मग सुई. शर्टिंगच्या पातळ कापडाला 11 नंबर पुरतो, तिथे आदल्या ऑर्डरच्या जाड कापडाची 14 नंबरची सुई राहिली की कापड ओढलं जातं. तिसरं, टाका किती दाट आहे: इंचाला 10 ते 12 टाके पुरेत, 16 झाले तर टेन्शन कितीही सैल करा, चुणी जात नाही. बायोडाट्यात ह्यातलं एकच वाक्य ठेवलं: 'चुण्या, टाका सुटणे व दोरा तुटणे यांचं कारण लाइनवरच शोधून दुरुस्त करतो.' बाकी विचारल्यावर सांगायचं.

सगळ्यात जास्त वेळ उत्पादनाच्या आकड्याला लागला. वर्कशॉपमध्ये पीस रेटचा हिशेब वहीत असतो, पण त्यात पीस असतात, मिनिटं नसतात. म्हणून मोबाइलच्या स्टॉपवॉचवर हाफ बाहीच्या शर्टाचं प्रत्येक काम दहा-दहा वेळा मोजलं आणि सरासरी काढली. सगळी बेरीज साडेदहा मिनिटं आली. त्यात बॉबीन बदलणं, दोरा तुटणं, थकवा यासाठी 15 टक्के धरले, म्हणजे एका शर्टाला साधारण 12 मिनिटं.

आता हिशेब सोपा होतो. बारा माणसं आठ तास बसली, तर 12 गुणिले 480, म्हणजे 5760 मिनिटं हाताशी आहेत. दिवसाला 240 शर्ट निघत होते, म्हणजे 2880 मिनिटांचं काम. कार्यक्षमता 50 टक्के. आकडा कमी वाटला म्हणून मी तो फुगवला नाही. तो वाढला कसा, हेच दाखवायचं होतं.

तुंबत होतं कॉलर जोडणीवर. कॉलर बसवून बंद करायला सूट धरून 2 मिनिटं, म्हणजे तासाला 30 च शर्ट पुढे जात, मागे बंडलांचा ढीग आणि पुढचे कारागीर रिकामे. खिशाला मात्र दोन मशीन होत्या. खिशाचं काम दीड मिनिटाचं, म्हणजे एक मशीनही तासाला 40 काढते. खिशाची एक मशीन कॉलरला लावली, एकीवर फक्त कॉलर बसवणं, दुसरीवर बंद करणं. तासाचे 38 शर्ट येऊ लागले. दिवसाचे 304, कार्यक्षमता 63 टक्के. त्याच्या वर जात नव्हतं, कारण आता बाहीचं दीड मिनिटाचं काम अडवत होतं. बायोडाट्यात हे असं उतरलं: '12 मशीनच्या लाइनवर कॉलर जोडणी दोन मशीनवर विभागून, माणसं न वाढवता, रोजचं उत्पादन 240 वरून सुमारे 300 शर्टांवर नेलं.' मुलाखतीत मॅनेजरने अख्ख्या पानातल्या ह्याच ओळीवर बोट ठेवलं आणि पुढचा अर्धा तास बाहीवरच गेला.

तपासणीत एक घोळ बहुतेक जण करतात. 200 शर्ट तपासले, त्यातल्या 14 शर्टांवर मिळून 22 दोष सापडले. तर खराब शर्ट 7 टक्के, पण शंभर पिसांमागे दोष 11. फॅक्टरीत दुसऱ्या आकड्याला डीएचयू म्हणतात. कोणता आकडा लिहिला ते स्पष्ट करावं, नाहीतर 7 ला डीएचयू म्हणून बसलात तर तपासणीची वही तुम्ही कधी भरलीच नाही असा अर्थ निघतो. मी दोन्ही लिहिले आणि जास्त दोष कुठे होते तेही: कॉलरची टोकं कमी-जास्त आणि खिसा तिरपा. एक्सपोर्टचं युनिट असेल तर एक्यूएल, म्हणजे लॉटमध्ये किती दोष चालवून घ्यायचे याची मर्यादा, विचारतातच. 500 शर्टांच्या लॉटमधून सर्वसाधारण तपासणीच्या दुसऱ्या पातळीवर 50 शर्ट काढतात, आणि 2.5 एक्यूएलला 3 पर्यंत दोषी शर्ट चालतात, चौथा निघाला की लॉट नापास. मी हे काम प्रत्यक्ष केलं नव्हतं, म्हणून 'माहिती आहे' एवढंच लिहिलं, 'अनुभव' म्हटलं नाही.

माणसं सांभाळण्याबद्दल 'उत्तम टीमवर्क' सगळेच लिहितात. मी एक तक्ता तयार करून सोबत जोडला: उभ्या ओळीत बारा कारागीर, आडव्या ओळीत कामं, आणि ज्याला जे येतं तिथे खूण. नावांऐवजी क्रमांक टाकले. त्या तक्त्यावरून कळत होतं की कॉलर फक्त दोघांना येते, म्हणून त्यातला एक गैरहजर राहिला की लाइन अर्ध्यावर येते. विदर्भात शाळा जूनच्या शेवटाला उघडतात, म्हणजे एप्रिल-मेच्या उन्हात, लग्नसराईत, सुट्ट्या पडतात तेव्हाच गणवेशाचं काम टोकाला असतं. म्हणून 'मार्चमध्ये आणखी तिघांना कॉलर जोडणी शिकवली' ही ओळ मी तक्त्याच्या खालीच घातली.

शेवटच्या ओळी कामापुरत्या: शिक्षण, आयटीआयचा शिलाईचा कोर्स असल्यास त्याचं वर्ष, पगाराची अपेक्षा न लिहिता रुजू व्हायची तारीख, आणि 'बुटीबोरीला रोज ये-जा स्वतःच्या गाडीने'. हे शेवटचं मॅनेजरच्याच सांगण्यावरून घातलं, कारण सकाळची शिफ्ट बसच्या वेळेसाठी थांबत नाही.