सातारच्या हॉटेलचं बिल: अठरा टक्के आले कुठून?

चुलत भावाच्या मुलीचं लग्न साताऱ्यात होतं. कार्यालय वाढे फाट्याच्या बाजूला आणि उतरायची सोय शहरातल्या एका हॉटेलात. शुक्रवार-शनिवार अशा दोन रात्री. मी, आमचे हे आणि सासूबाई एका खोलीत, म्हणून एक्स्ट्रा बेड घेतला. एक्स्ट्रा बेड म्हणजे काय, तर रात्री पोरगा चादरीत गुंडाळलेली गादी घेऊन आला आणि खिडकीखाली टाकून गेला. सासूबाईंनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. शेवटी गादीवर मी झोपले, हे सांगायला नकोच.

रविवारी सकाळी बिल हातात आलं. खोलीचा दर शुक्रवारी ६,००० आणि शनिवारी ६,५००. बेडचे रोजचे १,०००. नाश्ता माणशी २५०, म्हणजे तिघांचे रोजचे ७५०. बेरीज १६,०००. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे होतं. त्याखाली मात्र सीजीएसटी ९ टक्के आणि एसजीएसटी ९ टक्के, म्हणून एकूण १८,८८० रुपये.

दोन ओळींत नऊ-नऊ लिहिलं की आकडा अंगावर येत नाही, हीच त्यातली मेख. मी सांगलीत एका कर सल्लागाराच्या ऑफिसात रिटर्न भरते, त्यामुळे नजर आपोआप तिथेच जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून खोलीचं मूल्य एका दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर कर ५ टक्के आणि त्याच्या वर गेलं तर १८ टक्के. हे इन्कम टॅक्ससारखं नाही, की वरच्या तेवढ्याच रकमेवर जास्त दर लागेल. रेघ ओलांडली की सगळ्या रकमेवर १८. म्हणजे ७,५०० च्या खोलीवर कर ३७५ रुपये आणि ७,५०१ च्या खोलीवर जवळजवळ १,३५०. त्या एका रुपयाची किंमत पावणेदहाशे.

काउंटरवरच्या पोराला विचारलं, "दादा, अठरा टक्के कशाला?"

"मॅडम, तुमचं रोजचं साडेसात हजाराच्या वर गेलंय ना. सिस्टीमच लावते."

गेलंय खरं. पण कशामुळे? बेड धरून शुक्रवारचे ७,००० होतात आणि शनिवारचे बरोबर ७,५००. बेड त्याच खोलीतल्या मुक्कामाचा भाग आहे, तेव्हा तो खोलीच्या रकमेत धरला याला माझी हरकत नव्हती. आणि ७,५०० हा आकडा खालच्याच स्लॅबमध्ये येतो, वर जायला त्याहून जास्त लागतं. म्हणजे रेघ ओलांडली होती ती नाश्त्याने. नाश्ता खोलीत मिसळला की शुक्रवारचे ७,७५० आणि शनिवारचे ८,२५०. बिलावर तसंच होतं. नाश्त्याच्या ओळीसमोरही ९९६३११ हाच कोड छापलेला. तो खोलीचा कोड आहे, रेस्टॉरंटचा ९९६३३१.

नाश्ता खोलीच्या भाड्यातच धरून एकच दर ठरला असता, तर हॉटेलचं बरोबर होतं. तशा पॅकेजमध्ये मुख्य सेवा मुक्कामाची, नाश्ता तिला जोडून आलेला, म्हणून दोन्हीला खोलीचाच दर. पण आमचं बुकिंग नुसत्या खोलीचं होतं. भावाला हॉटेलने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या मेसेजमध्येच "ब्रेकफास्ट वेगळा" असं लिहिलं होतं. शिवाय सकाळी खाली रेस्टॉरंटमध्ये पोहे-उपीट खाल्ल्यावर वेटर चिठ्ठी आणायचा आणि आम्ही तिच्यावर खोलीचा नंबर घालून सही करायचो. खाल्लं त्याचेच पैसे लागले. न खाता तसेच बाहेर पडलो असतो, तर काही लागले नसते. याला पॅकेज म्हणता येत नाही.

पोराने मॅनेजरना बोलावलं. त्यांनी आधी मागच्या भिंतीवरचं दरपत्रक दाखवलं. आमच्या खोलीचा छापील दर ८,००० होता. ते पूर्वी चालायचं. जुलै २०१८ पर्यंत स्लॅब जाहीर केलेल्या दरावरून ठरायचा, त्यानंतर प्रत्यक्ष आकारलेली रक्कम धरतात. तेवढं सांगितल्यावर त्यांनी तो मुद्दा सोडला आणि चिठ्ठ्या मागवल्या. माणूस समंजस होता. उगाच आवाज चढवला नाही, मीही नाही. मागे नवरदेवाकडची मंडळी बॅगा घेऊन उभी होती.

मग मी नाश्त्यावर ५ टक्के लावा म्हटलं, तर ते मान हलवायला लागले. "ताई, खोलीचं तुमचं ऐकतो. पण रेस्टॉरंटला आम्हाला अठराच लावावे लागतात. वर सुइट आहे, नऊ हजाराचा."

आणि हे त्यांचं बिनचूक होतं. १ एप्रिल २०२५ पासूनचा नियम असा, की मागच्या आर्थिक वर्षात हॉटेलने एक जरी खोली दिवसाला ७,५०० च्या वर दिली असेल, तर तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के लागतात. तसं नसेल आणि हॉटेलने स्वतःहून १८ चा पर्याय निवडलेला नसेल, तर ५. गेल्या वर्षी तो सुइट नऊ हजारांनी गेलेला होता, त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. म्हणजे वर कुणीतरी नऊ हजारांत राहून गेलं, म्हणून खाली आमच्या पोह्यांवर अठरा टक्के. गंमतच आहे, पण कायदा तसा आहे. बाहेर पोवई नाक्यावर जाऊन खाल्लं असतं तर ही भानगडच नव्हती.

छापलेलं बिल रद्द करून त्यांनी दुसरं केलं. खोली आणि बेड १४,५००, त्यावर ५ टक्क्यांनी ७२५. नाश्ता १,५००, त्यावर १८ टक्क्यांनी २७०. एकूण १६,९९५. आधीच्या बिलापेक्षा १,८८५ रुपये कमी. दोन दर असल्यामुळे सीजीएसटी-एसजीएसटीच्या ओळी आता चार झाल्या होत्या. वर खोलीसमोर अडीच-अडीच आणि खाली नाश्त्यासमोर नऊ-नऊ, हे बघूनच बिल नीट वेगळं झालंय हे कळतं. वरचा जीएसटी नंबर २७ ने सुरू होतो ना, तेही पाहून घेतलं. तो महाराष्ट्राचा कोड.

मॅनेजर हुशार निघाले. त्यांनी लगेच आमच्याच मंडळींची बाकीची बिलं काढली. भावाच्या खोलीत दोघंच, बेड नाही. नाश्ता मिसळूनही शुक्रवारचे ६,५०० आणि शनिवारचे ७,००० होत होते. रेघेच्या आत असल्याने सिस्टीमने त्यांना सरसकट ५ टक्के लावले होते, नाश्त्यालासुद्धा. १३,५०० वर ६७५ रुपये कर. आता माझ्याच हिशेबाने वेगळं केल्यावर खोलीच्या १२,५०० वर ६२५ आणि नाश्त्याच्या १,००० वर १८०, मिळून ८०५. भावाला १३० रुपये जास्त पडले.

"तुला कुणी सांगितलं होतं गं चौकशी करायला?" म्हणत त्याने पैसे काढले. बाकीच्या खोल्यांची बिलंही दुरुस्त होणार हे कळल्यावर वहिनी मला जवळजवळ ओढतच गाडीकडे घेऊन गेल्या.