मोडलेल्या कराराची दुसरी बाजू

व्यवसायातून बाहेर पडताना माझा वाटा बारा मासिक हप्त्यांत द्यायचं भागीदाराने लिहून दिलं होतं. चार हप्ते वेळेवर आले आणि पाचवा आलाच नाही. विचारलं तर "बँकेत अडकलंय, दोन दिवसांत होईल" असं उत्तर मिळायचं. पुढे कळलं की बँकेत काहीच अडकलेलं नव्हतं. त्याच्या मोठ्या ग्राहकाने बिलं थकवली होती आणि माझ्या वाट्याचे पैसे पगारांत गेले होते.

वकिलाची नोटीस तयार होती. पण वसुलीचा खटला जिंकायचा म्हणजे ज्या धंद्यातून पैसे यायचे, तोच बंद पाडायचा. म्हणून आम्ही दोघांच्याही ओळखीच्या एका निवृत्त हिशेबतपासनिसांना मध्ये घातलं.

ते आधी आम्हा दोघांशी वेगवेगळे बोलले. एकत्र बसल्यावर त्यांनी कागदावर तीन तारखा मांडल्या: हप्ता कधी देय होता, तो देता येणार नाही हे याला कधी कळलं आणि मला ते कधी सांगितलं. पहिल्या दोन तारखांमध्ये फारसं अंतर नव्हतं. दुसरीपासून तिसरीपर्यंत मात्र महिने गेले होते. ते म्हणाले, "तुमचं भांडण पहिल्या तारखेचं नाही, या मधल्या जागेचं आहे." तोवर मी नुसत्या रकमेवरच अडून बसलो होतो. खरा राग कशाचा आहे, ते त्या कागदाने दाखवलं.

माफीही तिथूनच सुरू झाली. "परिस्थितीच अशी होती, वाईट वाटतं," हे त्याचं पहिलं वाक्य मध्यस्थांनी स्वीकारलं नाही. काय माहीत होतं, कधीपासून होतं आणि त्याऐवजी मला काय सांगितलं, हे त्याला माझ्यासमोर बोलावं लागलं. मी त्यावर काहीच म्हणालो नाही, आणि म्हणावं असा आग्रहही कुणी धरला नाही.

मग नवीन कागद. मला दंड वाढवून हवा होता. मध्यस्थांचं म्हणणं असं की ज्याच्याकडे पैसेच नाहीत, त्याला मोठ्या दंडाने फक्त लपवायला आणखी एक कारण मिळतं. त्याचे ग्राहक नव्वद दिवसांनी पैसे देत होते आणि जुना करार दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता मागत होता. त्यामुळे हप्त्याचे दोन भाग केले: एक लहान ठरावीक रक्कम, आणि ग्राहकाकडून आलेल्या पैशांतला ठरलेला हिस्सा.

सगळ्यात उपयोगी कलम मात्र पूर्वसूचनेचं ठरलं. हप्ता चुकेल असं वाटलं तर सात दिवस आधी लेखी कळवायचं. कळवलं तर पंधरा दिवसांची बिनव्याजी सवलत. न कळवता चुकला तर सवलत नाही आणि व्याज पहिल्या दिवसापासून. म्हणजे खरं सांगणं त्याला परवडू लागलं.

खात्याचा उतारा दर महिन्याला मध्यस्थांकडे जायचा, माझ्याकडे नाही. मीच तपासत बसलो असतो तर प्रत्येक खर्चावरून वाद झाला असता. माझ्या बाजूने मी नाव वापरायच्या हक्काचे कागद सही करून त्यांच्याकडे ठेवले. ते टप्प्याटप्प्याने त्याला मिळणार होते. वकिलाने एक ओळ आवर्जून घातली: हा कागद जुन्या कराराला पूरक आहे, तो मोडला तर उरलेली सगळी रक्कम जुन्या कराराप्रमाणे लगेच देय होईल. ती ओळ नसती तर जुना करार रद्द होऊन त्याची जागा नव्याने घेतली, असा दावा करायला वाव राहिला असता.

सुरुवातीचे हप्ते वेळेवर आले. त्याचं मला विशेष वाटलं नाही, कारण तेव्हा त्याच्या हातात पैसा होता. कसोटी लागली ती पहिल्या कोरड्या महिन्यात. नऊ दिवस आधी त्याचा निरोप आला: इतके कमी पडतील, या बिलामुळे, या तारखेपर्यंत देतो. मी चिडलोच. पण सांगितलेल्या तारखेला पैसे जमा झाले, आणि मध्यस्थांच्या तीन तारखांपैकी तिसरी या वेळी पहिलीच्या आधी आली होती.

नंतर श्वाइत्झर, हर्शी आणि ब्रॅडलो यांचा 2006 चा एक अभ्यास वाचनात आला. त्यांच्या प्रयोगात नुसत्या अविश्वासू वागण्याने गेलेला विश्वास सातत्याच्या चांगल्या वागण्याने परत येत होता. त्यात फसवणूकही असेल तर तो पूर्ण भरून येत नव्हता. तो पैशांचा प्रयोगशाळेतला खेळ होता, पण मला पटलं. त्याच्याशी पुन्हा भागीदारी मी करणार नाही. हप्त्यांपुरता मात्र त्याच्या शब्दावर चालतो.

गेल्या महिन्यात त्याने विचारलं, "उतारा आता तिमाही पाठवला तर चालेल का?" मी हो म्हटलं. नावाचे शेवटचे कागद लगेच मोकळे करायचीही त्याची विनंती होती, तिला नाही म्हटलं. ते शेवटच्या हप्त्यानंतरच मिळतील, तसंच लिहिलेलं आहे.