गिझरला गारवा: फोर-वे व्हॉल्व्हचा गुंता अखेर उकलला

मागच्या नोंदीत जुन्या एसीपासून बनवलेल्या हीट पंप गिझरने शंभर लिटरच्या टाकीचं पाणी २८ वरून ४५ अंशांवर न्यायचं ठरलं होतं. पंप सुरू, कॉम्प्रेसर सुरू, कंट्रोलरवर "हीट"चा दिवाही लागलेला, आणि नऊ मिनिटांत पाणी २४ वर! दहिसरला निघून चर्चगेटला उतरावं तसं झालं. तीन शनिवार या एकाच दुखण्यात गेले. आता कारण हाती लागलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

रचना बदललेली नाही. एक टनाच्या हॉट अँड कोल्ड स्प्लिटचं भंगारातलं आउटडोअर, साधा ऑन-ऑफ रोटरी कॉम्प्रेसर, आर-४१०ए, आणि इनडोअर कॉइलच्या जागी प्लेट हीट एक्स्चेंजर. गॅसची दिशा उलटवून कूलिंगचं हीटिंग करणाऱ्या फोर-वे व्हॉल्व्हवर एका बाजूला एकटा असलेला पाइप डी, म्हणजे डिस्चार्ज. समोर तीन: मधला एस सक्शनचा, त्याच्या एका कडेला ई (आपल्याकडे प्लेट एक्स्चेंजर) आणि दुसऱ्या कडेला सी (बाहेरचं कॉइल). आपल्या युनिटमध्ये व्हॉल्व्हच्या कॉइलला वीज नसेल तर कूलिंग आणि २३० व्होल्ट मिळाले की हीटिंग. म्हणून वीज पोचली नाही, कॉइल जळलं किंवा गॅसची वाट बदलणारी आतली सरक अडकली, काहीही झालं तरी परिणाम एकच: गार पाणी.

सोप्या गोष्टी आधी. हीट मोडमध्ये कॉइलच्या कनेक्टरवर २३१ व्होल्ट मिळाले, म्हणजे रिले आणि वायर निर्दोष. वीज बंद करून कॉइलचा रेझिस्टन्स १.४ किलोओहम भरला, तोही ठीक. वीज देता-काढता व्हॉल्व्हवरच्या छोट्या पायलट झडपेतून टक् असा स्वच्छ आवाज येतो आणि कॉइल ज्यावर बसतं त्या दांड्याच्या टोकाला स्क्रू-ड्रायव्हर धरला की खेचला जातो. इथे एक चूक बरेच जण करतात: चुंबक तपासायला वीज चालू असतानाच कॉइल दांड्यावरून उपसतात. आतला लोखंडी गाभा गेला की एसी कॉइलचा करंट वाढतो आणि काही मिनिटांत ते जळतं. मग एका बिघाडाचे दोन होतात.

टक् ऐकू आला की बहुतेक जण व्हॉल्व्हला निर्दोष ठरवतात. पण तो आवाज छोट्या पायलटचा असतो, मोठ्या सरकीचा नाही. कॉइलच्या जोरात सरक हलवण्याची ताकदच नसते. पायलट फक्त सरकीच्या एका टोकाची पोकळी डिस्चार्जला जोडतो आणि दुसऱ्या टोकाची सक्शनला. सरक हलते ती या दोन दाबांतल्या फरकाने, आणि जाते कमी दाबाच्या टोकाकडे. कॉम्प्रेसर दमला असेल किंवा गॅस अर्धवट असेल तर फरकच पुरेसा पडत नाही, आणि लोक विनाकारण व्हॉल्व्ह बदलतात. आपल्याकडे डिस्चार्जला ३७५ आणि सक्शनला १४० पीएसआय होतं. २३५ चा फरक भरपूर झाला, तेव्हा ही शंकाही संपली.

चारही पाइपांना तापमापीचे प्रोब बांधले. डी ७४ अंश, सी ७२, ई ११, एस १२. हे चित्र शुद्ध कूलिंगचं आहे. सरक मध्येच लटकली असती तर गरम गॅस आतल्या आत सक्शनला गळला असता, आणि ई व एस यांच्यात दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक दिसला असता. इथे एकच अंश आहे. म्हणजे सरक कूलिंगच्या टोकाला, ईच्या बाजूला, घट्ट बसलेली आहे आणि तिला सीकडे यायचंच नाहीये.

(इशारा: या चाचण्यांत पाण्याचा पंप क्षणभरही बंद करू नका. कूलिंगमध्ये प्लेट एक्स्चेंजरमधलं उभं पाणी गोठलं की प्लेटा फुटतात आणि पाणी थेट कॉम्प्रेसरपर्यंत जातं. आपण आउटलेटला ५ अंशांचा कट-आउट लावलाय. फ्लो स्विच अजून राहिलाय.)

मग नेहमीचा गावठी उपाय. बाहेरच्या कॉइलवर पुठ्ठा धरून डिस्चार्ज ४२० पर्यंत चढवला, व्हॉल्व्हला वीज देता-काढता स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने टोकाच्या टोप्यांवर हळूच टिचक्या मारल्या. मधल्या नळीवर नाही! ती पातळ असते, पोचा पडला की सरक कायमची अडकते. चौथ्या वेळी फुस्स असा लांब आवाज आला, गेजचे काटे झोकांडले, आणि ई पाइप हाताला चटका देऊ लागला. पुढची अकरा मिनिटं हीटिंग! पाणी २४ वरून साडेएकोणतीसवर गेलं. त्या वेळी चहा सांगितला गेला, जरा घाईच झाली. मोड बदलून कूलिंग केलं, सरक मुकाट गेली. पुन्हा हीट दिलं, आणि जैसे थे.

खरा धागा इथे सापडला. कूलिंगकडे जाताना सरक अडत नाही, हीटिंगकडे जाताना अडते. सरकच वाकडी किंवा घासलेली असती तर दोन्ही दिशांना कुरकुरली असती. तेव्हा सरकीवरचा संशय काढून पायलटच्या बारीक नळ्यांवर आणला. आपल्या व्हॉल्व्हला अशा चार कॅपिलरी आहेत: एक डीमधून पायलटला, एक पायलटमधून एसला, आणि उरलेल्या दोन सरकीच्या दोन टोकांना.

सरक सीकडे यायची तर सीच्या टोकाची पोकळी त्या टोकाच्या कॅपिलरीतून रिकामी व्हायला हवी. म्हणून टोकांच्या दोन्ही कॅपिलरींवर के-टाइप थर्मोकपल बांधले, वर फोमचा तुकडा गुंडाळला आणि हीट दिलं. सरक नुसती यांत्रिकरीत्या अडकलेली असेल, तर पिस्टनच्या कडेने गरम गॅस झिरपत राहतो, तो सीच्या कॅपिलरीतून सक्शनकडे वाहतो आणि ती नळी तापून तशीच तापलेली राहते. नळी तुंबलेली असेल, तर काहीच घडत नाही. ईच्या टोकाची नळी ४४ वरून ४९ वर गेली आणि ४७ वर स्थिरावली, म्हणजे तिकडे गॅस पोचला. सीच्या टोकाची ४४ ची ४४. पुन्हा पुन्हा तेच. तुंबलीये!

एकाच दिशेचं अडणंही यात बसतं. सीची नळी बंद असली तरी पिस्टनच्या कडेने झिरपलेला डिस्चार्ज तिकडच्या पोकळीत जमतो, त्यामुळे कूलिंगकडे ढकलायला जोर मिळतो. हीट दिलं की ती पोकळी रिकामी होत नाही, दोन्ही टोकांना डिस्चार्जचाच दाब राहतो, आणि सरक जागची हलत नाही.

गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढला. हवेत सोडायचा नाही, हे पुन्हा सांगतो. व्हॉल्व्ह उतरवून टोपीपासून दोन सेंटीमीटरवर नळी कॅपिलरी कटरने कापली (करवतीने कापलीत तर बुरा आत जाईल) आणि ५० पीएसआय नायट्रोजन दिला. ईची नळी मोकळी, सीची ठार बंद. टाचणीने टोपीजवळच्या तोंडातून काळी खपली निघाली. जाडी नखाच्या कातरणाइतकी, चुरडली की बोटाला काजळी लागते. तांब्याचं ऑक्साइड. सरक मात्र पेन्सिलने ढकलली तर लोण्यासारखी सरकते.

ही खपली आली कुठून ते उघड आहे. कॉम्प्रेसर बदलताना डिस्चार्जचा जोड आत नायट्रोजन न सोडता ब्रेझ केला होता, त्यामुळे तांबं आतून जळून खपली धरली. सिलिंडर संपला होता आणि एकाच जोडाचा प्रश्न होता. तो जोड डीच्या कॅपिलरीच्या अगदी आधी येतो. कूलिंगमध्ये डीमधून निघालेला गॅस पायलटमार्गे नेमका सीच्याच टोकाला जातो, म्हणजे कचऱ्याची वाट आधीच आखलेली होती. मुठीच्या टिचकीने खपली क्षणभर सुटली आणि परत तोंडाशी बसली.

कापलेली नळी जोडून हाच व्हॉल्व्ह वापरावा का, यावर वाद झाला. उत्तर नाही. नळीचा जोड आतल्या प्लास्टिक सरकीच्या फार जवळ येतो, आणि पायलटमध्ये आणखी काय शिरलंय ते दिसत नाही. नवा व्हॉल्व्ह घेताना एक अनुभव: नागदेवीच्या बाजारात "सगळ्या एक टनाला चालतो" असं म्हणून एकाने आर-२२ चा माल पुढे केला. आर-४१०ए चा दाब बराच जास्त असतो, तेव्हा बॉडीवर छापलेला कमाल दाब वाचल्याशिवाय पैसे काढू नका. कॉइल व्हॉल्व्हसोबतच घ्या, दांड्यांची मापं वेगवेगळी असतात.

बसवण्याची तयारी अशी. बॉडीला ओल्या फडक्याची जाड गुंडाळी, ज्योत बॉडीपासून उलट दिशेला, एकेक जोड थांबून थांबून, बॉडी १२० अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही. आत नायट्रोजन मिनिटाला दोन-तीन लिटर, जिभेला वाऱ्यासारखा जाणवेल इतकाच. जोरात सोडलात तर सांध्यात भोकं पडतात. लिक्विड लाइनला नवा ड्रायर, पण दोन्ही दिशांनी चालणारा बाय-फ्लो. साधा लावला तर उलट्या प्रवाहात त्यातलाच कचरा बाहेर येईल. पावसाळी दमटपणात कॉम्प्रेसरमधलं तेल पाणी पटकन ओढतं, म्हणून पाइपांची टोकं बुचांशिवाय ठेवायची नाहीत. मग गळती तपासायला ३५० पीएसआय नायट्रोजन रात्रभर, ५०० मायक्रॉनपर्यंत व्हॅक्यूम, आणि ८८० ग्रॅम गॅस वजनावर, द्रवरूपात.

एवढं लिहिताना सुचलं की व्हॉल्व्ह उतरलेलाच आहे, तर ई आणि सीचे पाइप अदलाबदल करूनच का बसवू नयेत? वीज नसताना हीटिंग, वीज दिली तर कूलिंग. मुंबईत बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरायची वेळ येत नाही, त्यामुळे डिफ्रॉस्टसाठी व्हॉल्व्ह फिरवावा लागणार नाही. वर्षभर व्हॉल्व्हचं कॉइल थंड आणि बिनविजेचं राहील, आणि व्हॉल्व्ह अडकला तरी प्लेट एक्स्चेंजर गोठणार नाही. कॉम्प्रेसर-सक्शनचा पाइप एसलाच राहणार, ॲक्युम्युलेटरला हात नाही. कंट्रोलरमध्ये रिलेची एक ओळ उलटी करायची.

किंमत एवढीच की अडकला तर हीटिंगमध्येच अडकेल, म्हणून ५५० पीएसआयचा हाय-प्रेशर कट-आउट आता ऐच्छिक नाही. आणि मेमध्ये ३२ अंशांची हवा असताना बाहेरचं कॉइल बाष्पकाचं काम करेल तेव्हा सक्शन फार चढेल, मोटरवर ताण येईल. त्यासाठी बाहेरचा पंखा पायरीने कमी करायचा विचार आहे. सक्शन १८० च्या वर गेलं की पंखा अर्ध्यावर, असं सध्या डोक्यात आहे.

व्हॉल्व्ह आलाय. शनिवारी नायट्रोजन सिलिंडर भरून आला की जोडणी, आणि आधी डिस्चार्जचा तो जुना जोड कापून नवा करायचा.