मोटर-पहारा, नोंद ७: फ्यूज काढला वायचा, शून्य झाला बी

मागच्या नोंदीत मी डीएमए, म्हणजे प्रोसेसरला न विचारता आकडे रॅममध्ये नेणारा चिपमधला भाग, बसला म्हणून फुशारकी मारली होती. ती अर्धी मागे घेतो.

नव्यांसाठी दोन ओळी. विहिरीवरच्या ५ एचपी मोटरच्या आर, वाय, बी या तिन्ही फेजवर एकेक क्लॅम्प सीटी, म्हणजे करंट मोजणारा चिमटा, आहे. ब्लू पिल, म्हणजे एसटीएम३२ एफ१०३ चिपचा छोटा बोर्ड, दर सेकंदाला प्रत्येक फेजचे १०,००० नमुने घेते, म्हणजे ५० हर्ट्झच्या एका सायकलीत २००. डीपीवरचा डीओ फ्यूज उडाला की मोटर दोन फेजवर गुणगुणत बसते आणि वाइंडिंग जळते. ते जळायच्या आत बंद करायचे, एवढेच काम. आमच्याकडे थ्री फेज रात्री असते, त्यामुळे पहारा यंत्रालाच द्यावा लागतो.

पहिल्या आवृत्तीत एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा चिपमधला भाग, सुरू करून 'झाले का, झाले का' असे विचारत बसायचो. त्यात प्रोसेसरला दुसरे काहीच करता येत नव्हते. मग 'झाले' अशी एडीसीनेच हाक मारायच्या इंटरप्टवर गेलो, तर एफ१०३ ची खोड आडवी आली. स्कॅनमध्ये, म्हणजे एकामागून एक मोजायला, तीन चॅनल लावले तरी निकालाचे रजिस्टर एकच असते आणि पूर्ण झाल्याची खूण सगळा गट संपल्यावरच उठते. तोवर आर आणि वाय पुसले गेलेले असतात, हाती फक्त बी लागतो. त्यामुळे या चिपवर स्कॅन म्हटला की डीएमए आलाच. एडीसीचा प्रत्येक निकाल तो परस्पर रॅममध्ये नेऊन ठेवतो, आणि बफर अर्धा भरला की एकदा, पूर्ण भरला की एकदा हाक मारतो. अर्ध्यात एक सायकल मावते, म्हणून सेकंदाला ५० इंटरप्ट. प्रत्येक नमुन्याला वेगळा इंटरप्ट दिला असता तर ३०,००० झाले असते.

टेबलावर सगळे मस्त चालले. शेतात नेले. स्टार्टर बंद करून वायचा फ्यूज काढला, दोन सेकंद चालू केले. मोटर हुंकारली, आणि स्क्रीनवर बी शून्य.

काका बाजूला उभे होते. "बाबू, फ्यूज तर वायचा काढला ना? मंग हे बी कायले म्हनते?" मी म्हटलं, काका, वायरी उलट्या लागल्या असतील. नव्हत्या. बोर्ड रीसेट केला तर वाय बरोबर दिसला. वीसेक मिनिटांनी पुन्हा तपासले, तर आता शून्य आरच्या घरात.

म्हणजे आकडे बरोबर, घरे सरकलेली. टेबलावर हे दिसले नाही कारण तिथे मी तिन्ही सीटी एकाच वायरीवर लावल्या होत्या. तिन्ही घरांत एकच लाट असेल तर घर सरकले हे कळणार कसे? हा गाढवपणा माझा.

चार रात्री गेल्या. आधी संशय चिपवर. नागपूरहून आणलेल्या पाच बोर्डांपैकी दोन नकली निघाले होते. चिपवर नाव खऱ्याचे, पण चिपशी बोलणारे ओपनओसीडी ओळख-क्रमांक सांगते 0x2ba01477, खऱ्याचा 0x1ba01477 असतो. दुकानदार म्हणे, "चालते ना, मग झालं." खरा बोर्ड लावला, तरी घरे सरकतच होती. मग वाटले नमुने मध्येच गळत असतील. एफ४०७ वर एडीसीला ओव्हररनचा झेंडा असतो, निकाल उचलायच्या आत दुसरा आला तर तो उठतो. एफ१०३ वर तो नाहीच. मुकाट्याने चुकते.

म्हणून खूण लावली. चिपच्या आत साधारण १.२ व्होल्टचा संदर्भ असतो, चॅनल १७. तो चौथ्या क्रमांकावर टाकला. ३.३ व्होल्टच्या पट्टीवर तो १४९० च्या आसपास दिसायला हवा. दर चौथ्या घरात १४९० असेल तर ओळ जागेवर, दुसऱ्या घरात गेला तर सरकली. या चॅनलला नमुना घ्यायला वेळ जास्त लागतो, म्हणून त्याला २३९.५ क्लॉक दिले.

आणि आजार वाढला! आधी दहा-पंधरा मिनिटांनी सरकायचे, आता चार-पाच मिनिटांनी. रात्री एक वाजता मी वैतागून वहीवर आकडे मांडले. एडीसीचा क्लॉक १२ मेगाहर्ट्झ. तीन चॅनलांचा स्कॅन सुमारे १० मायक्रोसेकंद, खूण जोडल्यावर ३१. दोन स्कॅनमधले अंतर १००. म्हणजे आजार स्कॅनच्या लांबीच्या प्रमाणात वाढला होता. याचा अर्थ कोणीतरी कधीही, घड्याळ न बघता येते आणि ऐन स्कॅनच्या मध्यात काहीतरी तोडते.

तो कोणीतरी मीच. एसडी कार्डावर दर मिनिटाला लिहिताना बफर पुसला जाऊ नये म्हणून मी हे टाकले होते:

```c
ADC1->CR2 &= ~ADC_CR2_DMA;
kard_lihi();
ADC1->CR2 |= ADC_CR2_DMA;
```

एडीसी टायमरवर चालूच राहतो, फक्त नेणारा थांबतो. स्कॅनच्या मध्येच थांबला, की आर नेला आणि वाय, बी वाऱ्यावर. `CNDTR` मधली उरलेल्या घरांची मोजणी तिथेच अडकते. पुढे चालू केल्यावर नवा आर वायच्या घरात जाऊन बसतो आणि तसाच राहतो. स्कॅन लांब, तेवढा मध्ये सापडायचा संभव जास्त. कार्डलेखन बंद करून रात्रभर सोडले, खूण एकदाही हलली नाही.

उपाय म्हणून आधी कार्डालाही डीएमए द्यायचे ठरवले. कार्डाच्या एसपीआय१ साठी चॅनल २ आणि ३ रिकामेच आहेत. ही नोंद लिहिता लिहिताच हिशोब केला आणि तो विचार सोडला. १८ मेगाहर्ट्झवर ५१२ बाइट पाव मिलिसेकंदात जातात, तिथे वेळ नाहीच. वेळ जातो कार्ड आतल्या आत 'बिझी' असते तेव्हा, आणि ते लेखनात २५० मिलिसेकंदांपर्यंत जाऊ शकते. बाइट कोणीही नेले तरी कार्ड तेवढेच बसून राहणार.

तेव्हा उलटे केले. नेणाऱ्याला कधीच थांबवायचे नाही, गणित इंटरप्टमध्ये उरकायचे:

```c
void DMA1_Channel1_IRQHandler(void) {
  if (DMA1->ISR & DMA_ISR_HTIF1) {
    DMA1->IFCR = DMA_IFCR_CHTIF1; rms_kadh(buf); }
  if (DMA1->ISR & DMA_ISR_TCIF1) {
    DMA1->IFCR = DMA_IFCR_CTCIF1; rms_kadh(buf + 800); }
}
```

८०० म्हणजे चार चॅनल गुणिले २००. `rms_kadh` ला २० मिलिसेकंदांची मुदत आहे, कारण तेवढ्यात दुसरा अर्धा भरतो आणि डीएमए परत पहिल्यावर येतो. ६०० वर्ग आणि बेरजा त्याच्या किरकोळ भागात होतात. मुख्य लूप कार्डाच्या बिझीवर खुशाल पोल करत बसू दे, फेजचा निर्णय अडत नाही. लिहायचे फक्त सरासरीचे आकडे, तेही छोट्या रांगेतून.

खूण काढलेली नाही. चौथ्या घरात १४०० ते १६०० च्या बाहेर काही दिसले तर टायमर थांबवतो, चालू स्कॅन संपू देतो, डीएमए बंद करून `CNDTR` पुन्हा भरतो आणि मगच टायमर चालू. काल रात्री बाराला थ्री फेज आली, सकाळी आठपर्यंत ही पाळी एकदाही आली नाही. पहाटे वायचा फ्यूज पुन्हा काढून बघितला. शून्य वायच.

आता मोटर सुरू होतानाची कच्ची लाट साठवायची खुमखुमी आली आहे. एका सायकलीचे १,२०० बाइट. २० केबी रॅममध्ये फार तर सहा सायकली ठेवीन म्हणतो. आरएमएसचा ग्राफ सुधारायचे पुढच्या नोंदीसाठी कबूल केले होते, ते आता मागे पडणार.