मागाचा वेग वाढला, मीटर मात्र वाढले नाही

इचलकरंजीतील 24 साध्या यंत्रमागांच्या एका कारखान्याचा हिशेब मी काही काळ पाहत होतो. व्यापाऱ्याचे सूत आणि ताण्याचे, म्हणजे उभे, धागे गुंडाळलेले बीम घेऊन ठरावीक मजुरीवर कापड विणून द्यायचे, असे तेथील काम होते. एके दिवशी कारखानदारांनी मला तातडीने बोलावले. इंचाला 52 पिक, म्हणजे 52 आडवे धागे, असलेल्या कापडासाठी एका व्यापाऱ्याने पिकाला साडेआठ पैसे, म्हणजे मीटरला 4.42 रुपये, देऊ केले होते आणि संध्याकाळपर्यंत होकार हवा होता. त्यांचा स्वतःचा खर्च मीटरला 4.14 रुपये निघत असल्याने 28 पैसे सुटतील, अशी त्यांची खात्री होती.

त्यांनी मांडलेले गणित रीतसर होते. इंचाला 52 पिक म्हणजे मीटरला सुमारे 2,047 पिक. मोटारीची पुली बदलून त्यांनी मागाचा वेग मिनिटाला 150 पिकांवरून 170 वर नेला होता. त्यामुळे बारा तासांच्या पाळीत 1,22,400 पिक होतात, आणि कार्यक्षमता पूर्वीप्रमाणे 80 टक्के धरली की मागाला 47.8 मीटर कापड निघते. विणकराची मजुरी मीटरला दीड रुपया होती. वीज, माग दुरुस्त करणारा जॉबर, कांड्या भरणारा कांडीवाला आणि दिवाणजी यांचे पगार, भाडे व हप्ते, पिकर-पट्ट्यांसारखे सुटे भाग, असा बाकीचा खर्च एका मागाला पाळीमागे 126 रुपये येत होता. त्याला 47.8 ने भागून 2.64 रुपये, अधिक दीड रुपया, असे 4.14 झाले होते.

मला 80 टक्क्यांचा आकडा खटकला, म्हणून उत्पादनाची वही मागवली. तीत मागामागे सरासरी 42 मीटरच होते, म्हणजे कार्यक्षमता 70 टक्क्यांवर आली होती. खात्रीसाठी त्या दिवशी दर पंधरा मिनिटांनी खात्यात फेरी मारून कोणता माग कशामुळे बंद आहे ते टिपत गेलो. तार तुटून थांबलेल्या मागांपेक्षा, आडव्या धाग्याची कांडी संपून विणकराची वाट पाहत उभे असलेले माग जास्त होते. एका कांडीत साधारण 1,560 पिकांचा बाणा मावत असे. 170 च्या वेगाने ती नऊ मिनिटांत संपते, आणि विणकराकडे आठ माग असल्याने त्याला साधारण सत्तर सेकंदांना एक कांडी बदलावी लागते. मध्येच ताण्याची तार जोडायला तो वाकला की पलीकडचे दोन माग उभेच राहतात.

“मजुरी मीटरवर आहे साहेब, मग कार्यक्षमता घसरली तरी माझं काय जातं?” असे कारखानदारांनी विचारले. मजुरीपुरते ते खरे होते. तेथील घट विणकराच्या पदरात पडत होती, कारण 574 रुपयांऐवजी त्याला पाळीचे 504 रुपयेच मिळत होते. पण ते 126 रुपये तासांवर चढतात, मीटरवर नव्हे. 42 मीटरला ते तीन रुपये होतात आणि एकूण खर्च साडेचार रुपये, म्हणजे देऊ केलेल्या दरात मीटरला 8 पैसे तोटा.

विणकराला आठऐवजी सहा माग द्यावेत, असा विचार पुढे आला. त्याने कार्यक्षमता 77 टक्क्यांवर गेली असती आणि मागाला 46 मीटर निघाले असते, असे धरून पाहिले. पण सहा मागांवर विणकराला तेच 504 रुपये मिळायचे तर दर 1.83 रुपये करावा लागतो आणि खर्च 4.57 वर जातो. हा मार्ग आणखी महाग होता.

शेवटी आठ मागांवर जुनी पुली बसवून पाहिली. 150 च्या वेगात कार्यक्षमता पुन्हा 80 टक्क्यांच्या आसपास आली आणि 42.2 मीटर निघाले, म्हणजे कापड जवळपास तेवढेच राहिले. मात्र पिकर व पट्टे कमी तुटू लागले आणि वीजही थोडी वाचली. 126 चे 118 रुपये झाले, मीटरचा खर्च 4.30 वर आला आणि 12 पैसे सुटू लागले. व्यापाऱ्याकडून एक दिवसाची मुदत वाढवून घेतली होती, ती संपण्याआधी त्यांनी होकार कळवला आणि उरलेल्या मागांच्या पुल्याही बदलल्या.

हे 12 पैसे बीम चांगला असेपर्यंतचेच आहेत, हे मी त्यांना तेव्हाच सांगितले होते. 4.42 मधून मजुरी वजा केली की 2.92 उरतात, 118 ला 2.92 ने भागले की 40.4 मीटर येतात, म्हणजे सुमारे 76.6 टक्के कार्यक्षमता. पुढे सायझिंग, म्हणजे ताण्याला खळ देणे, नीट न झालेला एक लॉट आला, तारा वारंवार तुटू लागल्या आणि आकडा 39 मीटरवर उतरला. दिवाणजींनी वहीत 40.4 ची लाल रेघ आधीच आखून ठेवली होती, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी ते बीम व्यापाऱ्याला दाखवून दर वाढवून मागता आला. त्या लॉटपुरते पिकाला 9 पैसे मिळाले.