बेचाळीस फूट पाणी

«मॅडम, जर-तरचं वाक्य नुसतं उलटं केलं की तुम्ही चूक म्हणता, नुसता नकार लावला तरी चूक म्हणता, आणि दोन्ही एकदम केलं की बरोबर म्हणता. हे असं कसं?»

बारावीच्या गणितात पहिलंच प्रकरण तर्कशास्त्राचं असतं, त्यामुळे जूनमध्ये हा प्रश्न वर्गात हमखास येतो. पुढे केव्हातरी तोच प्रश्न जुने विद्यार्थी विश्रामबागेत भाजी घेताना विचारतात, कारण तेव्हा त्यांनी सत्यता सारणी पाठ केलेली असते आणि मार्कही मिळवलेले असतात, पण ‘का’ तेवढं राहून गेलेलं असतं. सारणी चुकीची नाही. पण टी-एफच्या रांगा भरताना वाक्य नेमकं काय सांगतंय याकडे लक्षच जात नाही.

सांगलीत राहणाऱ्याला मी कृष्णेचं उदाहरण देते. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हापासून पावसाळ्यात घराघरात सकाळी पहिल्यांदा पुलाचा आकडा विचारला जातो. आता हे वाक्य घ्या: ‘जर पाण्याने धोका पातळी ओलांडली असेल, तर इशारा पातळी ओलांडलेली असते.’ यात वाद घालण्यासारखं काही नाही.

पाण्याच्या बाबतीत एकंदर चार शक्यता मांडता येतात, फळ्यावर चार घरं काढावीत तशा. दोन्ही पातळ्या ओलांडल्या, म्हणजे समजा 48 फूट. दोन्ही ओलांडल्या नाहीत, समजा 30 फूट. इशारा ओलांडली पण धोका नाही, समजा 42 फूट. आणि चौथी, धोका ओलांडली पण इशारा नाही. आपलं वाक्य या चारांपैकी फक्त चौथीला बंदी घालतं. बाकी तिघींबद्दल ते एक अक्षर बोलत नाही. 30 फूट पाणी असताना ते खोटं ठरत नाही, 42 असतानाही नाही. जर-तरच्या प्रत्येक वाक्याचं काम एवढंच असतं: ‘पहिलं आहे आणि दुसरं नाही’ ही एक शक्यता पुसून टाकणं. वाक्य समजलं का हे तपासायचं असेल, तर ते कुठली शक्यता पुसतं ते सांगता येतं का बघावं.

आता वाक्य उलटं करू. ‘इशारा ओलांडली असेल तर धोका ओलांडलेली असते.’ हा व्यत्यास, वर्गातल्या भाषेत कॉन्व्हर्स. तो कुठली शक्यता पुसतो? इशारा आहे आणि धोका नाही, म्हणजे 42 फूट. पण 42 फूट पाणी तर दर दोन-चार वर्षांनी आपण बघतो! व्यत्यास पडला.

उलटं न करता नुसता नकार लावू. ‘धोका ओलांडली नसेल तर इशाराही ओलांडलेली नसते.’ हा इन्व्हर्स. हा पुसतो ती शक्यता म्हणजे धोका नाही आणि इशारा आहे. पुन्हा 42 फूटच. व्यत्यास ज्या आकड्याने पडला त्याच आकड्याने इन्व्हर्सही पडला, आणि हा योगायोग नाही. दोघे एकाच घरावर बंदी घालतात, म्हणजे दोघांचं म्हणणं एकच, शब्द तेवढे वेगळे.

शेवटी दोन्ही एकदम. ‘इशारा ओलांडली नसेल तर धोकाही ओलांडलेली नसते.’ हा कॉन्ट्रापॉझिटिव्ह. हा पुसतो: इशारा नाही, पण धोका आहे. मूळ वाक्याने पुसलेली चौथी शक्यता ती हीच. म्हणून मूळ वाक्य आणि कॉन्ट्रापॉझिटिव्ह कायम एकत्र खरे असतात नाहीतर एकत्र खोटे. उलटं केल्यावर बंदी चौथ्या घरावरून तिसऱ्यावर सरकते. नकार लावल्यावरही ती तशीच सरकते. दोन्ही केलं की गेली तिथून परत आली. तुमच्या ‘असं कसं’चं उत्तर एवढंच आहे.

मग मुलं व्यत्यासाला का भुलतात? याचा थोडा दोष मी नववी-दहावीच्या भूमितीला देते. तिथे प्रमेय आलं की पाठोपाठ त्याचा व्यत्यास येतो, आणि बहुतेक वेळा तोही खराच निघतो. समद्विभुज त्रिकोणाचं तसं, समांतर रेषांच्या संगत कोनांचं तसं, पायथागोरसचं तसं. पुस्तकात व्यत्यासाची सिद्धता वेगळी दिलेली असते, कारण मूळ प्रमेयातून तो आपोआप मिळत नाही. पण मुलाच्या मनात राहतं ते एवढंच, की उलटं केलेलं चालतं. त्याच भूमितीत ‘चौकोन चौरस असेल तर त्याचे कर्ण एकरूप असतात’ हेही आहे, आणि कुठलाही साधा आयत त्याचा व्यत्यास मोडतो. याच्यावर मात्र कुणी पाच मिनिटं घालवत नाही.

व्यत्यास किती गोड बोलून फसवतो हे बघायचं असेल, तर मला संख्यांचं एक उदाहरण फार आवडतं. फर्मा या गणितज्ञाने 1640 मध्ये सांगितलेल्या गोष्टीतून हे निघतं: n मूळ संख्या असेल तर 2ⁿ − 2 ला n ने नि:शेष भाग जातो. 7 घ्या, 128 − 2 = 126, म्हणजे 7 × 18. बसलं.

याचा कॉन्ट्रापॉझिटिव्ह फुकट मिळतो: भाग जात नसेल तर n मूळ नाही. 91 वर चालवून बघू. ही संख्या दिसायला अगदी मूळ वाटते, दहापर्यंतच्या पाढ्यांत कुठे भेटत नाही. 2 चा 91 वा घात लिहीत बसायची गरज नाही, नुसती बाकी हवी. 2 चा 12 वा घात 4096, आणि 91 × 45 = 4095, म्हणजे बाकी 1. मग 12 च्या पटीतल्या प्रत्येक घाताची बाकी 1च, म्हणजे 84 व्या घाताचीही. 91 पर्यंत जायला अजून 7 हवेत, 2 चा 7 वा घात 128, त्यातून 91 गेले, बाकी 37. त्यातून 2 वजा केले की 35. शून्य नाही. म्हणजे 91 मूळ नाही, सुटली शंका. गंमत म्हणजे ती 7 × 13 आहे हे आपण शोधलंच नाही. अवयव न सापडता निकाल लागला, आणि तो पक्का, कारण कॉन्ट्रापॉझिटिव्ह म्हणजे मूळ प्रमेयच.

आता व्यत्यास: भाग जात असेल तर n मूळ असते. 2 पासून सुरू करा आणि एकेक संख्या तपासत जा. 100 पर्यंत खरं, 200 पर्यंत खरं, 300 पर्यंतही खरंच. एवढं तपासणारा माणूस ‘आता काय उरलंय’ म्हणून वही मिटेल. आणि मग 341 येते. 2 चा 10 वा घात 1024, त्यात 341 × 3 = 1023, बाकी 1. म्हणून 340 व्या घाताची बाकीही 1, आणि 341 व्याची 2. त्यातून 2 गेले, शून्य. चाचणी पास. पण 341 म्हणजे 11 × 31. हे 1819 मध्ये सारूस या फ्रेंच गणितज्ञाने दाखवलं. त्याआधीची एकही संयुक्त संख्या या चाचणीतून सुटत नाही, म्हणून नुसतं तपासत बसणाऱ्याला व्यत्यास खराच वाटतो.

म्हणून या चाचणीत नापास झालेली संख्या नक्की संयुक्त. पास झालेलीबद्दल मात्र एवढंच म्हणता येतं की अजून शंका आहे.

कॉन्ट्रापॉझिटिव्ह बरोबर असतो हे कळूनही पेपरात मार्क जातात, ते नकार लावताना. ‘a आणि b दोन्ही विषम असतील तर ab विषम’ याचा कॉन्ट्रापॉझिटिव्ह लिहा म्हटलं की निम्मा वर्ग लिहितो, ‘ab सम असेल तर a आणि b दोन्ही सम.’ 2 गुणिले 3 करून बघा, 6 आले, आणि 3 काही सम नाही. इथे थांबून मागे बघायचं. मूळ वाक्य खरं आहे, मग त्याचा कॉन्ट्रापॉझिटिव्ह खोटा निघूच शकत नाही. निघाला, म्हणजे आपण लिहिलेलं वाक्य कॉन्ट्रापॉझिटिव्ह नाहीच. ‘दोन्ही विषम’ याचा नकार ‘निदान एक सम’ असा होतो. ‘आणि’चा नकार करताना ‘किंवा’ आलं पाहिजे, हे ज्याच्या हाताला बसलं त्याचं हे प्रकरण सुटलं. पाण्याच्या उदाहरणातही तसंच: ‘45 च्या वर’ याचा नकार ‘45 किंवा त्याखाली’. नेमके 45 ला सोडून दिलं की एक शक्यता कुठल्याच घरात बसत नाही.

एक मात्र मुलांच्या बाजूने बोलते. घरात कुणी असं बोलत नाही. वडील म्हणाले, ‘उसाचं बिल आलं तर सायकल घेऊ’, तर पोरगं काय समजतं? बिल नाही आलं तर सायकल नाही. हा सरळ इन्व्हर्स आहे, आणि तर्काच्या हिशेबाने वडील तसं बोललेलेच नाहीत. बिल न येता त्यांनी सायकल आणली तरी त्यांचं वाक्य खोटं ठरत नाही. पण पोराचं चुकलंय असं मी म्हणणार नाही. बिलाशिवायही सायकल येणारच असती, तर वडिलांनी बिलाचं नाव काढलं कशाला असतं? बोलणाऱ्याचा हेतू ओळखून न बोललेलं ऐकणं ही माणसाची जुनी सवय आहे, तिच्यावरच घरं चालतात. गणिताचं वाक्य मात्र हेतू ठेवत नाही. मुलं वर्गात येताना ती सवय घेऊनच येतात, त्यामुळे ‘व्यत्यास चूक’ असं फळ्यावर कितीही वेळा लिहिलं तरी फरक पडत नाही. त्यापेक्षा मी विचारते, ‘वडिलांनी बिल आल्यावर सायकल आणली नाही, तर ते खोटं बोलले का?’ सगळे एका सुरात ‘हो’ म्हणतात. ‘आणि बिल न येताच आणली तर?’ इथे वर्ग गप्प होतो, मागच्या बाकावरचा एखादा हसतो, ‘मग कशाला खोटं, बरंच झालं की!’ त्याला फळ्यावर बोलावून चार घरं काढायला लावते. चौथ्यावर तो स्वतःच फुली मारतो.